मधल्या भागात काय लिहायचं?

परवा रात्री भाचीनं विज्ञानाच्या पुस्तकातल्या एका पानाचा फोटो पाठवला. खाली प्रश्न, "मामा, हे मधलं काय आहे?"

फोटोत एकमेकांवर चढलेली दोन वर्तुळं. डावं प्रकाशसंश्लेषणाचं, उजवं पेशीतल्या श्वसनाचं. पान शिवणीकडे वळलेलं, त्यात तिच्या अंगठ्याची सावली. 'ऑक्सिजन बाहेर पडतो' ही ओळ डाव्या वर्तुळात आहे की मधल्या भागात, तेच कळेना.

अशा वेळी फोटो मोठा करून डोळे ताणण्यापेक्षा ती ओळ दोन्ही नावांना जोडून वाचावी. प्रकाशसंश्लेषणात ऑक्सिजन बाहेर पडतो, हे खरं. श्वसनात मात्र तो वापरला जातो. म्हणजे ओळ डावीकडचीच. आता 'एटीपी तयार होतो' घ्या. हरितलवकात तो उजेडाच्या जोरावर तयार होतो. श्वसनात ग्लुकोजच्या विघटनातून मिळतो, बराचसा तंतुकणिकेत. वाट वेगळी, पण वाक्य दोन्हीकडे खरं. म्हणून ते मध्ये.

भाचीनं वहीत मध्ये नुसतं 'ऑक्सिजन' लिहिलं होतं. दोन्हीकडे त्याचं नाव येतं म्हणून! पण एकीकडे तो तयार होतो, दुसरीकडे खर्च होतो. नुसता शब्द ही तपासणी चुकवतो, म्हणून मधल्या भागात पूर्ण वाक्य लिहावं.

त्या भागात आणखी एक ओळ होती: 'वनस्पतींच्या पेशींत घडते'. खरी गंमत इथे आहे. झाडं प्रकाशसंश्लेषण करतात आणि प्राणी श्वसन, अशी वाटणी आपल्या डोक्यात पक्की बसलेली असते. पण झाडाचं श्वसन दिवसरात्र चालू असतं. मातीतल्या मुळांना तर उजेडच नाही. पानांतून आलेली साखर आणि मातीतल्या पोकळ्यांतला ऑक्सिजन यांवर त्यांचं चालतं. कुंडीत पाणी साचून राहिलं की त्या पोकळ्या भरतात, मुळांचा श्वास कोंडतो आणि ती कुजू लागतात. तुळस पाणी घालूनही का सुकते, याचं एक उत्तर त्या मधल्या भागात होतं.

पण पुस्तकातल्या वर्तुळांत गुणधर्म भरलेले असतात. इंग्रज तर्कशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी 1880मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हा त्यांची वर्तुळं म्हणजे वस्तूंचे वर्ग होते. तसं करून पाहू. डावीकडे प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या वनस्पती आणि शेवाळं, उजवीकडे श्वसन करणारे सजीव. डावीकडच्या आंबा, गवत, शेवाळ या सगळ्यांना मध्ये सरकावं लागतं, कारण ते श्वसनही करतात. उजवीकडे गाय, भूछत्र आणि आपण उरतो.

"म्हणजे डावीकडची कोर रिकामीच?" भाचीनं विचारलं.

हो, रिकामीच. वेन अशा रिकाम्या भागात रेघा मारून तो भरून टाकत.