झोपेची गोळी सोडताना

रोज १० मिलिग्रॅम डायझेपाम वर्षानुवर्षे घेणाऱ्याने ती एकदम बंद केली, तर फिट येऊ शकते. म्हणून डॉक्टर आधी ९ मिलिग्रॅमवर आणतात: ५ची एक, २च्या दोन गोळ्या. दोन ते चार आठवड्यांनी ८. शेवटच्या पायऱ्या आणखी लहान.

डोस कमी केल्यावर काही दिवसांत झोप उडते, हात थरथरतात, घाम येतो, धडधडतं. कुकरची शिट्टीही सहन होत नाही. जुना आजार उलटला असं वाटतं. पण आवाज-उजेडाचा असा त्रास पूर्वी नसेल, तर तो बहुधा गोळी कमी केल्याचाच. अशा वेळी त्याच डोसवर थांबतात.

फिट, भास किंवा बरळणं दिसलं तर रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्या.