पावशाची शिडी

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुळशी तालुक्यातल्या एका ओढ्याकाठी जांभळाच्या खोडाला ध्वनिमुद्रक बांधून ठेवला होता. पहाटे चार ते पाच, एक तास. मुठीत मावणारं ते यंत्र सेकंदाला ४८,००० वेळा हवेचा दाब मोजतं, आणि अशा एका तासाची फाइल ३४५ एमबीच्या आसपास भरते. मला त्यातून हवा होता फक्त एक पावशा. 'पेरते व्हा' म्हणून ज्याची हाक आपल्याकडे ओळखली जाते तो.

फाइल नुसती ऐकायला गेलं तर तास जातोच, शिवाय दहाव्या मिनिटापासून कान रातकिड्यांना सरावतो आणि त्यामागचं काही ऐकू येईनासं होतं. म्हणून आधी बघायचं, मग ऐकायचं. आवाजाचं हे चित्र म्हणजे स्पेक्ट्रोग्राम. डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर वारंवारता, आणि जिथे आवाज जोरकस तिथे रंग गडद. १९५०च्या दशकात केंब्रिजमध्ये विल्यम थॉर्प चाफिंच पक्ष्याच्या गाण्याचा अभ्यास करत होते, तेव्हा असं चित्र सोनाग्राफ नावाच्या यंत्राच्या फिरत्या नळकांड्यावर, कागद जाळत जाळत उमटायचं. एका वेळी जेमतेम अडीच सेकंदांचा आवाज, आणि त्यासाठी काही मिनिटं थांबायचं. आज कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिप्रयोगशाळेचं रेव्हन किंवा सर्वांना मोफत मिळणारं ऑडॅसिटी पूर्ण तास काही क्षणांत पडद्यावर मांडतं.

पडद्यावर एका वेळी एक मिनिट घेतलं की तासाचे साठ पडदे होतात. पहिल्या दोन-तीन पडद्यांतच त्या पहाटेचे रहिवासी ओळखू येऊ लागले. पाच हजार हर्ट्झजवळची सलग आडवी पट्टी रातकिड्यांची. तळाला पाचशेच्या खालचा धुरकट डाग वाऱ्याचा आणि ओढ्याचा. पानावरून यंत्रावर पडलेला थेंब म्हणजे तळापासून माथ्यापर्यंत गेलेली बारीक उभी रेघ. आणि पावशा? त्याची हाक तीन सुरांची, तीच ती पुन्हा पुन्हा, दर खेपेला थोडी वरच्या पट्टीत, आणि टिपेला पोचल्यावर एकदम बंद. चित्रात ती अगदी शिडीसारखी चढताना दिसते. एकदा ती शिडी डोळ्यांत बसली की साठ पडदे चाळायला वीस मिनिटंही लागत नाहीत.

इथे एक सेटिंग नीट जुळवावं लागतं. चित्र काढताना संगणक आवाजाचे छोटे तुकडे करून प्रत्येक तुकड्यातले सूर मोजतो. तुकडा ५१२ नमुन्यांचा, म्हणजे सुमारे ११ मिलिसेकंदांचा घेतला, तर सूर कधी सुरू झाला ते नेमकं कळतं, पण त्याची उंची जाड रेघेसारखी फिसकटते. २०४८ नमुन्यांचा घेतला तर उंची रेखीव दिसते आणि सुरुवात-शेवट मात्र पसरतात. दोन्ही एकदम नेमकं मिळत नाही, ते गणितातच बसत नाही. पावशाच्या सुरांना १०२४ मानवतं असा माझा अनुभव आहे. चित्राचा उजेड कमी-जास्त करायची पट्टीही असते. तिने फक्त रंग बदलतो, आवाज नाही. नवखे लोक उजेड वाढवून 'आता स्पष्ट आलं' म्हणतात आणि ऐकल्यावर हिरमुसतात.

सतराव्या मिनिटाला पहिली शिडी दिसली. जोरकस, जवळची, आणि तरी निरुपयोगी, कारण तिच्यावरच कोकिळाची चढती 'कुऊ' आडवी गेली होती. हाक वेगळी काढायची ती चौकटीने. चौकट म्हणजे चित्रावर माउसने ओढलेला आयत. तिच्या डाव्या-उजव्या कडा वेळ ठरवतात, वरची-खालची कड वारंवारता. कडांच्या बाहेरचं गाळता येतं. आतलं मात्र सगळं जसंच्या तसं राहतं. दोन पक्ष्यांच्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे चित्राच्या त्या कणात दोघांची बेरीज असते, आणि बेरजेवरून मूळचे दोन आकडे परत सांगता येत नाहीत. नीरक्षीर वेगळं करणारा हंस तो आयत नव्हे. अशा वेळी कोरीव काम करत बसण्यापेक्षा दुसरी हाक शोधणं शहाणपणाचं.

ती बेचाळीस मिनिटं अकरा सेकंदांवर सापडली. पाच खेपांची, सहा सेकंदांची, सगळ्यात खालचा सूर अकराशे हर्ट्झच्या जरा वर, सगळ्यात वरचा तीन हजारांच्या आत. रातकिड्यांची पट्टी तिच्या बरीच वर, ओढा बराच खाली. मी चौकट वेळेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सेकंद मोकळी सोडली. कॉर्नेलच्या मॅकॉले संग्रहालाही ध्वनिफीत अशीच आगेमागे जागा सोडून हवी असते. झाडीत सूर थांबल्यावरही त्याचा घुमारा क्षणभर रेंगाळतो, आणि चौकट सुराला चिकटवून घेतली तर तो कापला जातो. हाक डब्यात कोंबल्यासारखी वाटते. वर-खालीही मोकळीक ठेवली, ९०० ते ३४००. रेव्हनमध्ये निवडीच्या भोवतालचं गाळण्याची सोय असते. मी तेच आकडे सॉक्स या प्रणालीला दिले:

```
sox pahat.wav pavsha.wav trim 2528 12 sinc -t 300 900-3400
```

२५२८व्या सेकंदापासून बारा सेकंद घे, आणि ९०० ते ३४०० एवढंच ठेव. मधला `-t 300` महत्त्वाचा आहे. त्याने गाळणीचा काठ तीनशे हर्ट्झभर उतरता होतो. काठ अगदी उभा ठेवला की प्रत्येक सुराच्या आधी आणि नंतर काठाच्या उंचीवर फिकट आडवी शेपटी उमटते, आणि कानाला सूर धातूच्या भांड्यात वाजल्यासारखा लागतो. पक्ष्याने न काढलेला आवाज तिथे आपण भरलेला असतो. गाळलेल्या फितीचं पुन्हा चित्र काढून पाहिलं की ही शेपटी लगेच पकडता येते.

गाळण्याची किंमतही आहेच. पावशा जवळून ओरडतो तेव्हा मुख्य सुराच्या दुप्पट उंचीवर त्याचीच एक फिकी रेघ असते. आवाजाची धार बरीचशी तिच्यात असते. ३४०० च्या वर कापताना ती बहुतांश गेली, त्यामुळे माझी फीत स्वच्छ आहे पण किंचित मऊ. म्हणूनच मोजमाप करायचं असेल तेव्हा मी मूळ फाइलच उघडतो. गाळलेली फक्त ऐकवायला. मूळ फाइलला हात लावायचा नाही, हा नियम मी मोडलेला नाही. आणखी एक: मूळ मुद्रणातच आवाज मर्यादेबाहेर जाऊन फाटला असेल तर सुराच्या वर समान अंतरावर खोट्या रेघांची चळत दिसते. ती गाळली तरी सुराची मोडतोड दुरुस्त होत नाही.

फीत ऐकली. रातकिडे गेले होते, ओढा जवळजवळ गेला होता, पाच खेपा वर चढल्या आणि थांबल्या. मग शेवटच्या मोकळ्या तीन सेकंदांत काहीतरी होतं. आवाज वाढवून पाहिलं तर एका फिकट शिडीच्या खालच्या दोन पायऱ्या, आणि फीत संपली. आधी वाटलं, समोरच्या कड्यावरून आलेला प्रतिध्वनी. मूळ फाइलकडे परत गेलो आणि पुढची दहा सेकंदं घेतली. प्रतिध्वनी असता तर पायऱ्यांची संख्या पाचच हवी होती आणि त्यांच्यातलं अंतरही तेवढंच. ही शिडी सहा पायऱ्यांची होती, सुरुवातही थोडी खालच्या सुरावर. ओढ्यापलीकडे दुसरा पावशा होता.