बैठकीनंतरची ईमेल

सोसायटीच्या बैठकीत ठरतं, ‘गच्चीचं वॉटरप्रूफिंग पावसाआधी करायचं.’ माना डोलतात, आणि जूनमध्ये वरच्या मजल्यावर पुन्हा ओल येते. कारण काम कोणाचं, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

सचिवांनी त्याच रात्री ईमेल पाठवावी. आधी निर्णय: ‘गच्चीचं काम मंजूर, खर्च दुरुस्ती निधीतून.’ मग कामं: ‘तीन कोटेशन: खजिनदार, 20 एप्रिलपर्यंत. ठेकेदाराची निवड: समिती, 27 एप्रिल.’ ‘समितीने कोटेशन आणावीत’ असं लिहिलं, तर प्रत्येकाला वाटतं दुसरा आणेल; मदतीला कितीही असोत, जबाबदार नाव एकच हवं. ‘लवकरात लवकर’ ही तारीख नव्हे. बैठकीला न आलेल्यावर काम टाकायचं असेल, तर आधी फोन करून त्याचा होकार घ्यावा. शेवटी लिहावं: ‘काही चुकलं असल्यास दोन दिवसांत कळवा.’