काउंटरवरून कर्जविभागाकडे: पाच ओळींची परीक्षा

बँकेत सात-आठ वर्षं काढलेल्या अधिकाऱ्याचा अर्ज साधारण असा सुरू होतो: ‘ग्राहकसेवा, रोख व्यवस्थापन, केवायसी, क्लिअरिंग आणि शाखेच्या दैनंदिन कामकाजाचा दीर्घ अनुभव. मेहनती, जबाबदार, नवीन शिकण्याची तयारी. कर्जविश्लेषण विभागात संधी अपेक्षित.’ यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरीही कर्जविभागाचा प्रमुख ते वाचून पुढचा अर्ज उचलतो, कारण हा माणूस कर्जाबद्दल विचार कसा करतो, हे त्याला कुठेच दिसत नाही.

अर्जाच्या माथ्यावरच्या या चार-पाच ओळींना ‘समरी’ म्हणतात. शाखेतून कर्जाकडे वळणाऱ्याची अडचण अशी, की त्याने कर्जाचा प्रस्ताव कधी तयार केलेला नसतो. त्यामुळे तो एकतर आपल्या कामांची यादी देतो किंवा ‘क्रेडिट’, ‘रिस्क’ असे शब्द पेरून जे केलं नाही ते केल्यासारखं भासवतो. खरं तर त्याच्याकडे सांगण्यासारखं तिसरंच काहीतरी असतं. कर्जदाराचं खातं रोज कसं वागतं, हे त्याने पाहिलेलं असतं. विश्लेषकाच्या टेबलावर वर्षातून एकदा ताळेबंद येतो. पासिंग अधिकाऱ्यासमोर तेच खातं दिवसातून चार वेळा येतं.

समजा, इचलकरंजीतल्या एका सरकारी बँकेच्या शाखेत एक अधिकारी आहे. एका यंत्रमागधारकाचं ४० लाखांचं कॅश क्रेडिट खातं तिच्या पासिंगला येतं. मर्यादेच्या नूतनीकरणाची वेळ झाली आहे आणि मालकाला मर्यादा वाढवून ५० लाख हवी आहे. लघुउद्योगांच्या खेळत्या भांडवलासाठी बँका बहुतेक वेळा नायक समितीची उलाढाल पद्धत वापरतात. वर्षाच्या अपेक्षित विक्रीच्या २५ टक्के एवढी खेळत्या भांडवलाची गरज धरायची, त्यातले २० टक्के बँकेने द्यायचे आणि ५ टक्के मालकाने स्वतःचे घालायचे. दोन कोटींच्या विक्रीवर ४० लाख मिळाले होते. आता मालक अडीच कोटींची विक्री होईल असं सांगतोय, म्हणजे ५० लाख. कागदावर हिशेब बरोबर आहे.

खात्यात गेल्या सहा महिन्यांत ९५ लाख जमा झालेत. वर्षाला दोन कोटींच्या जवळ जाणारा हा आकडा पाहून कुणीही मान डोलावेल. पण या अधिकाऱ्याला जमेच्या नोंदींत एकाच फर्मचं नाव पुन्हा पुन्हा दिसतं. ती फर्म मालकाच्या भावाची आहे. तिच्याकडून आलेली रक्कम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तिकडेच परत जाते, आणि हे बहुतेक वेळा महिनाअखेरीला घडतं. अशा नोंदींची बेरीज ३५ लाख भरते. त्या वजा केल्या की विक्रीची खरी जमा उरते ६० लाख. वर्षाला एक कोटी वीस लाख. त्याचे २० टक्के म्हणजे २४ लाख.

इथपर्यंत निरीक्षण झालं. निर्णयशक्तीचा भाग यानंतर सुरू होतो, आणि अर्जांमध्ये नेमका हाच भाग हरवलेला असतो.

पहिला मोह असतो तो ‘लबाडी पकडली’ असं म्हणण्याचा. पण ६० लाखांच्या आकड्यालाही दुसरं स्पष्टीकरण असू शकतं. मालक काही वसुली दुसऱ्या बँकेतल्या खात्यात घेत असेल, किंवा व्यापाऱ्यांकडे उधारी अडकली असेल. म्हणून ती जीएसटीची ३बी विवरणपत्रं मागते. त्यांत सहा महिन्यांची विक्री ६१ लाखांच्या आसपास निघते. वसुली दुसरीकडे वळत असती, तर विवरणपत्रातला आकडा खात्यातल्या जमेपेक्षा बराच मोठा दिसला असता. दोन्ही आकडे जुळतात, याचा अर्थ धंदाच तेवढा आहे. मग स्टॉक स्टेटमेंट. येणी २० लाख दाखवलेली आहेत, पण बिलांच्या तारखा पाहिल्या तर निम्मी ९० दिवसांपेक्षा जुनी. एवढी जुनी येणी सहसा उचल-क्षमतेत, म्हणजे बँकेच्या भाषेत डीपीत, धरली जात नाहीत. त्यामुळे मर्यादा कागदावर काहीही असली, तरी प्रत्यक्ष उचलता येण्याजोगी रक्कम कमी होते.

दुसरा मोह याहून अवघड असतो. हिशेब २४ लाख सांगतो, तर मर्यादा सरळ २४ लाखांवर आणावी, असं वाटू शकतं. पण खात्यात ३८ लाख उचललेले आहेत. मर्यादा एका झटक्यात खाली आणली, तर दुसऱ्याच दिवशी खातं १४ लाखांनी अनियमित होईल. कॅश क्रेडिट खातं मर्यादेच्या किंवा डीपीच्या वर सलग ३१ ते ६० दिवस राहिलं, तर ते एसएमए-१ मध्ये जातं, ६१ ते ९० दिवसांत एसएमए-२ मध्ये, आणि ९० दिवस ओलांडले की एनपीए होतं. चालू धंदा बँकेने स्वतःच्या हाताने थकबाकीत ढकलल्यासारखं ते होईल. म्हणून तिच्या टिपणात असं येतं: वाढ देऊ नये, सध्याची मर्यादा दर महिन्याला थोडी थोडी उतरवण्याचा विचार व्हावा, भावाच्या फर्मशी होणाऱ्या व्यवहारांचा खुलासा लेखी घ्यावा आणि तोवर स्टॉकची प्रत्यक्ष पाहणी दर महिन्याला करावी. कर्जदार आधीच अडचणीत असेल, तर अशा सवलती रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ‘पुनर्रचना’ ठरू शकतात, हेही ती नोंदवते. म्हणून अंतिम निर्णय वरच्या कार्यालयाने घ्यावा, असं लिहून ती थांबते.

आता हे सगळं पाच ओळींत कसं बसवायचं? मराठीत ते साधारण असं होईल:

‘सरकारी बँकेच्या शाखेत सात वर्षं, त्यातली शेवटची तीन पासिंग अधिकारी म्हणून. लघुउद्योगांची कॅश क्रेडिट खाती रोज हाताळताना मर्यादेवरच्या उचली, परत जाणारे चेक आणि उशिरा येणारी स्टॉक स्टेटमेंट यांवर लक्ष ठेवलं. एका नूतनीकरणात खात्यातल्या जमेपैकी एक तृतीयांशाहून जास्त रक्कम संलग्न फर्मशी फिरवलेली असल्याचं जीएसटी विवरणपत्रांशी ताडून लेखी कळवलं. वाढीव मर्यादा मंजूर झाली नाही. मंजुरीचा अधिकार वापरलेला नाही आणि पूर्ण प्रस्ताव स्वतंत्रपणे तयार केलेला नाही. ताळेबंदाचं वाचन सीएआयआयबीच्या अभ्यासातून. लघु व मध्यम उद्योगांच्या कर्जविश्लेषणात काम करायचं आहे.’

तिसरी ओळ लक्ष देऊन वाचण्यासारखी आहे. ‘बँकेचे ५० लाख वाचवले’ असं तिने लिहिलेलं नाही. प्रस्ताव नाकारला तो वरच्या कार्यालयाने. तिने पुरावा दिला. शिवाय न दिलेलं कर्ज बुडालंच असतं, हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. कर्जविभागातली मुरलेली माणसं अशा दाव्यावर लगेच बोट ठेवतात. ग्राहकाचं नाव, गाव आणि नेमक्या रकमाही या ओळींत नाहीत. बँक अधिकारी नोकरीत रुजू होतानाच गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करतो. ती सही विसरून दुसऱ्या बँकेला ग्राहकाची माहिती देणारा अर्जदार उद्या आपल्या ग्राहकाचं काय करील, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडतोच.

चौथ्या ओळीला पुष्कळजण घाबरतात. आपली उणीव आपणच का सांगायची? पण ती उणीव अर्जाच्या पुढच्या पानावर तशीही दिसणारच असते. ती आधीच मापात सांगितली, की मुलाखतीतला वेळ तिच्याभोवती फिरत नाही. धोका कळणं म्हणजे आपल्या माहितीची सीमा कळणं हेही आलंच, आणि प्रस्तावातही विश्लेषकाला हेच करायचं असतं: काय तपासलं आणि काय तपासता आलं नाही, हे वेगळं लिहिणं.

शाखेतल्या कामकाजाला कर्जविभागात कमी लेखण्याची एक सवय आहे. ती किती महागात पडू शकते, हे २०१८ साली मुंबईत दिसलं. पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाऊस शाखेतून निघालेल्या हमीपत्रांमागे मंजूर मर्यादा नव्हती, मार्जिन घेतलेलं नव्हतं, असं तपास यंत्रणांचं म्हणणं होतं. स्विफ्टवरून गेलेल्या संदेशांची नोंद कोअर बँकिंगमध्ये झालेली नव्हती, आणि दोन्ही यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. कर्जाचं एवढं मोठं नुकसान झालं ते कुणी गुणोत्तरं चुकीची काढली म्हणून नव्हे. नोंद, पडताळणी आणि दुसऱ्या सहीची साखळी तुटली होती. ज्या अधिकाऱ्याने ही साखळी वर्षानुवर्षं सांभाळली आहे, त्याच्याकडे विश्लेषकाला लागणारी अर्धी दृष्टी आधीच असते.

मात्र याच अनुभवाचा एक तोटाही आहे. शाखेत प्रत्येक विचलन म्हणजे चूक असते; कर्जात तसं नसतं. कोल्हापूरच्या गुळाच्या व्यापाऱ्याचं खातं हंगामात भरभरून चालतं आणि पुढचे काही महिने जवळपास शांत राहतं. जमा आटली म्हणून पासिंगच्या सवयीने त्याच्यावर लाल शेरा मारणारा माणूस चांगल्या ग्राहकाला हकनाक दूर घालवेल. यंत्रमागवाल्याच्या खात्यात आकडे फुगवले होते, गूळवाल्याच्या खात्यात ते ऋतूप्रमाणे हलतात. हा फरक ज्याला सांगता येतो, त्याने समरीत शक्य असेल तर एक ‘हो’ म्हटलेलं उदाहरणही द्यावं. केवळ नकारांची यादी वाचून प्रमुखाला वाटतं, की हा माणूस धंदा येऊ देणार नाही.

आणि जे उदाहरण लिहाल, त्याचा हिशेब मुलाखतीआधी कोऱ्या कागदावर पुन्हा करून पाहा. संलग्न फर्मचे पैसे कसे ओळखले, जीएसटीचा आकडा करासकट धरला की करावेगळा, मर्यादा लगेच का उतरवली नाही: समोरचे विचारतात ते हेच, आणि तीन प्रश्नांत अर्ज खरा की सजवलेला हे त्यांना कळतं.