दोन दिवसांनी उठणारा फुगवटा

डास चावला की त्या जागी काही मिनिटांतच गांध उठते. पण क्षयाच्या त्वचाचाचणीत असे होत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयात, म्हणजे सारे शहर ज्याला 'घाटी' म्हणते तिथे, किंवा अन्य कोठेही ही चाचणी करून घ्या. डॉक्टर तुम्हाला दोन-तीन दिवसांनी पुन्हा यायला सांगतील. हा उशीर कशासाठी, ते आपण एका उदाहरणावरून पाहू.

समजा, नववीतल्या एका मुलीच्या वडिलांच्या थुंकीत क्षयजंतू सापडले आहेत. मुलीला खोकला नाही, तापही नाही. डॉक्टरांनी सोमवारी सकाळी तिच्या हाताच्या पुढच्या भागावर, कातडीच्या थरातच, ०.१ मिलिलिटर ट्यूबरक्युलीन टोचले. यात जिवंत जंतू नसतात. जंतूंपासून काढलेली शुद्ध प्रथिने तेवढी असतात. टोचताच आलेला फुगा थोड्या वेळात जिरला. गुरुवारी सकाळी मात्र तेथे लाली होती आणि तिच्या मधोमध बोटाला लागणारा टणक फुगवटा होता. डॉक्टरांनी लाली मोजली नाही. फुगवट्याची हाताच्या आडव्या दिशेने रुंदी मोजली. ती १४ मिलिमीटर भरली.

या १४ मिलिमीटरांची गोष्ट काही महिन्यांपूर्वी तिच्या फुप्फुसात सुरू झाली. श्वासाबरोबर आत गेलेला क्षयजंतू तेथील भक्षकपेशीने, म्हणजे मॅक्रोफेजने, गिळला. एरवी गिळलेला जंतू पेशीतल्या पाचकरसांच्या पिशवीत जाऊन मरतो. क्षयजंतू मोठा बिलंदर! तो या पिशवीला आपल्यापर्यंत पोहोचूच देत नाही आणि भक्षकाच्याच पोटात वाढू लागतो.

दरम्यान काही पेशी जंतूचे तुकडे जवळच्या लसीका ग्रंथीत नेतात आणि साहाय्यक टी पेशींना दाखवतात. ज्या थोड्या टी पेशींना तो तुकडा ओळखता येतो, त्यांची संख्या वाढते आणि त्या फुप्फुसात येतात. या तयारीला काही आठवडे लागतात. टी पेशी स्वतः जंतू खात नाही. ती इंटरफेरॉन-गॅमा नावाचे प्रथिन सोडून भक्षकपेशीला चेतवते. चेतलेली भक्षकपेशी पाचक पिशवी जंतूपर्यंत नेते, त्याला मारणारी रसायने तयार करते, आणि टी पेशीलाही उलट संदेश पाठवून कामाला जुंपते.

तरीही सारे जंतू मरत नाहीत. मग भक्षकपेशी एकमेकींना चिकटून त्यांच्याभोवती दाट कडे करतात, काही तर एक होऊन अनेक केंद्रकांची महापेशी बनते. बाहेरून टी पेशींचा वेढा पडतो. या गाठीला ग्रॅन्युलोमा म्हणतात. आत जंतू बहुधा कोंडलेले राहतात. पण तिचा मधला भाग मऊ होऊन श्वासनलिकेत फुटला, तर तेच जंतू खोकल्यातून बाहेर पडतात.

आता हाताकडे वळू. ट्यूबरक्युलीन कातडीत गेले, की शरीरात फिरणाऱ्या अनुभवी टी पेशींपैकी काही तेथे पोहोचतात, खूण ओळखतात आणि रक्तातून भक्षकपेशींना बोलावून घेतात. हा जमाव जमायला ४८ ते ७२ तास लागतात. फुगवटा टणक लागतो तो या पेशींच्या गर्दीमुळे. म्हणूनच याला विलंबित अतिसंवेदनशीलता म्हणतात. मेरिल चेस यांनी १९४५ साली हा गुण एका गिनीपिगमधून दुसऱ्यात नेला, तो रक्तद्रव देऊन नव्हे, तर पेशी देऊन.

तर मग त्या मुलीला क्षयरोग झाला आहे का? फुगवटा एवढेच सांगतो, की तिच्या टी पेशींनी हा शत्रू पाहिला आहे. १० मिलिमीटर किंवा अधिक फुगवटा संसर्गाचा मानतात. लहानपणच्या बीसीजी लसीमुळेही कधी थोडा फुगवटा येतो. रोग आहे की नाही, ते छातीचे क्ष-किरण चित्र आणि गरज पडल्यास थुंकीची तपासणी ठरवते. रोग नसेल, तर कोंडलेले जंतू पुढे उसळू नयेत म्हणून प्रतिबंधक औषधे देता येतात.

आता त्याच घरातल्या एका काकांची कल्पना करा. त्यांना एचआयव्हीची लागण आहे, वजन घटले आहे आणि हात मात्र सपाट आहे: शून्य मिलिमीटर. सुटलो म्हणायचे का? मुळीच नाही. एचआयव्ही नेमक्या साहाय्यक टी पेशीच नष्ट करतो. त्या नसल्या की हातावर जमाव जमत नाही, आणि फुप्फुसात जंतूंभोवतीचे कडेही नीट बांधले जात नाही. म्हणून अशा माणसांत ५ मिलिमीटरही पुरेसे मानतात, आणि शून्य आले तरी तपास थांबवत नाहीत. तीव्र कुपोषण, नुकताच झालेला गोवर किंवा सर्वांगात पसरलेला क्षय यांतही हात असाच गप्प राहू शकतो.

मुलीच्या फुगवट्याने तिचा पहारा जागा असल्याचे सांगितले. काकांचा सपाट हात पहारेकरीच उरले नसल्याचे सांगत असू शकतो. आधी तपासायला हवे ते काकांना.