कचऱ्याचा हिशेब कोटेशनमध्येच हवा

लग्न पार पडल्यावर लॉनच्या मागच्या बाजूला जो कचरा साठतो, त्याचा आकार दोन-तीन महिने आधी, केटरर आणि मंडपवाल्याशी बोलणी होतात तेव्हाच ठरलेला असतो. त्या बैठकीत मेनू ठरतो, फुलं ठरतात, भाव ठरतो. ताट कसलं असेल, पाणी कशातून देणार, उरलेलं आणि उष्टं कुठे जाणार, जनरेटर केवढा, हे कुणी विचारत नाही. मग ऐन दिवशी ओल्या-सुक्याचे दोन डबे ठेवले, तरी फारसं काही हाती लागत नाही.

2012 च्या लंडन ऑलिंपिकने हे काम पुष्कळ आधी हाती घेतलं. खाद्यपदार्थांचे स्टॉल घेणाऱ्यांना वेष्टनं कोणत्या प्रकारची हवीत, ते आधीच सांगितलं होतं. वेष्टनावरच्या खुणेचा रंग आणि ते टाकायच्या डब्याचा रंग एकच ठेवला होता. स्पर्धांच्या काळातला किमान 70 टक्के कचरा पुनर्वापर, पुनर्चक्रण किंवा खतासाठी जावा, असं उद्दिष्ट होतं. प्रत्यक्षात 62 टक्क्यांपर्यंत मजल गेली. मला यात मोलाचं वाटतं ते हे, की आकडा आधी ठरला होता म्हणूनच किती कमी पडलं ते सांगता आलं. समारंभांमध्ये टिकाऊपणा कसा राबवायचा याचं आयएसओ 20121 हे आंतरराष्ट्रीय मानकही त्याच वर्षी आलं.

आता आपल्याकडचं लग्न घेऊ. 800 पाहुणे धरू. 200 मिलीच्या बाटल्यांतून पाणी दिलं आणि प्रत्येकाने तीन बाटल्या उघडल्या, तर 2400 बाटल्या होतात, त्यातल्या बऱ्याच अर्धवट प्यायलेल्या. मोठे जार आणि स्टीलचे पेले ठरवले, तर हा ढीग तयारच होत नाही. स्टीलच्या ताटांना मात्र धुण्याचं पाणी आणि माणसं लागतात. त्यामुळे टँकरवर चालणाऱ्या गावात सुपारीच्या पानांची ताटंच बरी. त्यांचं खत होतं, पण त्यात प्लास्टिकचे चमचे आणि चांदीचा लेप दिलेल्या वाट्या मिसळल्या, की खतवाला अख्खी पिशवी नाकारतो. म्हणून कोटेशनमध्ये नुसतं ‘पर्यावरणपूरक ताटं’ असं लिहून भागत नाही. ताट, वाटी, चमचा, पेला या सगळ्यांचा प्रकार एकेक करून लिहायला हवा.

अन्नाचा प्रश्न ताटांच्या हमीत दडलेला असतो. केटरर दर ताटाला पैसे घेतो. हमी 800 ची असेल, तर लोक कमी आले तरी त्याचं बिल तेवढंच राहतं आणि स्वयंपाकही तेवढाच होतो. त्यापेक्षा हमी 650 ची घ्यावी, पुढच्या 150 जणांचं सामान कोरडं तयार ठेवावं आणि पुऱ्या, भजी, भात गर्दी पाहून टप्प्याटप्प्याने करावा, असं कलम घालता येतं. स्वयंपाकघरात गरम राहिलेलं, वाढायला बाहेर न आलेलं अन्न वेळेत दुसऱ्याला देता येतं. बुफेच्या टेबलावर तासन्‌तास उघडं राहिलेलं देऊ नये.

वीज हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग. मंडपवाला बहुधा ‘सेफ्टीसाठी’ मोठा जनरेटर सुचवतो. 125 केव्हीएचं यंत्र साधारण 100 किलोवॉट देऊ शकतं. सकाळी मंडप उभारताना भार जेमतेम 12 किलोवॉटचा असतो, तरी ते तासाला सहाएक लिटर डिझेल पितं. 25 केव्हीएचं यंत्र तेच काम चारएक लिटरमध्ये करतं. कमी भारावर फार वेळ चालवलं, तर न जळलेलं इंधन आणि काजळी यंत्रात साठते, धूर काळा होतो, एक्झॉस्टपाशी तेलकट ओल दिसते. तेव्हा दिवे, साउंड, पंखे, मिक्सर यांची यादी करून किलोवॉटची बेरीज मागावी. 400 वॉटच्या जुन्या मेटल हॅलाइड दिव्यांऐवजी 150 वॉटचे एलईडी घेतले, तर 20 दिव्यांमागे 5 किलोवॉट वाचतात. जमेल तिथे महावितरणची तात्पुरती जोडणी घ्यावी. तिचा अर्ज वेळेत करावा लागतो, त्यामुळे तीही योजनेतच हवी.

हे पाळलं गेलं का, ते कळायला साधा वजनकाटा पुरतो. ओला कचरा, उरलेलं अन्न आणि सुका कचरा यांच्या पिशव्या वेगवेगळ्या तोलून आकडे लिहून ठेवावेत. जनरेटरचं डिझेल सुरुवातीला आणि शेवटी मोजावं. मोकळ्या मैदानावर, म्हणजे परवाना नसलेल्या जागी, शंभरहून अधिक लोक जमणार असतील, तर तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचं आणि कचरा वेगळा करून द्यायचा, हे 2016 च्या घनकचरा नियमांतच आलं होतं. कळवतानाच ओला कचरा कोण नेणार, हेही विचारून घ्यावं.

तुमच्या घरी कार्य ठरत असेल, तर आगाऊ रक्कम देण्याआधी ताट-पेल्यांचा प्रकार, ताटांची हमी, जनरेटरचा आकार आणि कचऱ्याचं वजन या चार ओळी कोटेशनवर लिहून घ्या, आणि शेवटचा हप्ता वजनाचा कागद हाती आल्यावरच द्या.