पाहणी केली कोणी?

सरकारी अहवालातलं एक नेहमीचं वाक्य पाहा: ‘सदर जलवाहिनीची पाहणी करण्यात आली असता, ती तीन ठिकाणी फुटलेली असल्याचे निदर्शनास आले असून त्याबाबत आवश्यक ती कार्यवाही करण्यात येत आहे.’ शब्द 21, पण पाहणी कोणी केली, दुरुस्ती कोण करतंय, याचा पत्ता नाही.

आधी ‘सदर’, ‘निदर्शनास आले असून’, ‘त्याबाबत’ काढा. अर्थाला धक्का लागत नाही. मग प्रत्येक ‘करण्यात आले’पाशी थांबून ‘कोणी?’ असं विचारा. उत्तर फायलीत नसेल तर संबंधितांना फोन करा. मग वाक्य असं होतं: ‘शाखा अभियंत्यांनी पाहणी केली. जलवाहिनी तीन ठिकाणी फुटली आहे. ठेकेदार ती दुरुस्त करत आहे.’ शब्द 14, आणि माहिती जास्त. माझ्या मते खरा फायदा हाच.

मात्र सरसकट कात्री चालवू नका. ‘सुमारे 40 मीटर’मधला ‘सुमारे’ भरताड नाही; तो काढला तर अंदाज मोजमाप ठरतो. ‘पंप चोरीला गेला’ हेही तसंच राहू द्या, कारण चोर अजून माहीत नाही. तुमच्या पुढच्या अहवालात ‘करण्यात’ हा शब्द शोधून पाहा आणि तिथूनच सुरुवात करा.